मित्राच्या रिसेप्शनला बोलताना: कोपरखळ्यांची माळ की एकच किस्सा?

कोपरखळ्यांची माळ जमवायला सोपी, पण हॉलमध्ये फसते. दर कोपरखळीला नवा संदर्भ लागतो. कॉलेजची एक रांग हसते, नवरीकडचे आजी-आजोबा एकमेकांकडे बघत बसतात. हशा कमी पडला की बोलणारा जुन्या प्रेमप्रकरणाकडे घसरतो, आणि तिथेच घात होतो.

एकच किस्सा साधारण 300 शब्दांत, म्हणजे तीनेक मिनिटांत बसतो. मात्र फजिती आपली हवी: ‘ट्रेकला वाट मी चुकवली, आणि हा 3 तास “आलंच आता” म्हणत धीर देत होता. वहिनी, घरी यायला उशीर झाला की हेच ऐकाल!’ मित्राची सवय कळते, अब्रू शाबूत राहते. शेवटचं वाक्य तेवढं पाठ हवं. हशा ओसरला की मग ग्लास उचलायचा.