पहिली ब्रा: स्लिप, बिगिनर, स्पोर्ट्स की कपवाली?

साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान मुलीच्या स्तनाग्राखाली छोटीशी, हात लागला तर दुखणारी गाठ येते. बहुतेकदा ती आधी एका बाजूला येते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी वाढू लागते. ही वाढीची सुरुवात आहे, घाबरण्यासारखं काही नाही. कपडा घासला, शाळेचा शर्ट अंगाला चिकटला, पळताना दुखलं, की मुलगी खांदे पुढे काढून चालू लागते किंवा दप्तर छातीशी धरते. खरेदीची वेळ वयावरून नाही, तर या गोष्टींवरून ओळखावी.

दुकानात चार प्रकार समोर येतात. छातीवर दुहेरी कापड असलेली स्लिप अगदी सुरुवातीला पुरते. तिच्यात आधार नसतो, पण घासणं थांबतं आणि जिला ब्रा घालायचीच नाही ती मुलगीही ती आनंदाने घालते. बिगिनर ब्रा म्हणजे हूक नसलेली, डोक्यातून घालायची होजिअरीची आखूड ब्रा. रोजच्या शाळेसाठी मला हीच सगळ्यांत योग्य वाटते, कारण तिला कप नसतो आणि बदलत्या अंगाला थोडी सवलत मिळते. स्पोर्ट्स ब्रा कबड्डी, धावणं, नृत्य यांसाठी हवीच, पण ती मुद्दाम घट्ट असते. दिवसभर घातली तर घाम अडकतो आणि खालच्या इलॅस्टिकखाली पुरळ उठतं. कोकणासारख्या दमट हवेत हे फार लवकर होतं. कपवाली, हूकची ब्रा कप भरू लागल्यावरच घ्यावी. तोवर रिकामा कप शर्टातून चुरगळलेला दिसतो. पॅड आणि तार या वयात नकोच. दुखऱ्या, वाढत्या भागावर तार रुतते.

माप घरीच घ्या. मुलीला पातळ बनियन घालू द्या, टेप तिलाच धरू द्या, आईने फक्त आकडा वाचावा. बहुतेक मुलींचा संकोच त्याने कमी होतो. पहिलं माप छातीच्या अगदी खाली, श्वास सोडून. टेप पाठीवर वर चढलेला नको, पुढून-मागून एका रेषेत हवा. दुसरं माप स्तनाग्रांवरून, टेप सैल ठेवून. पाळी सुरू झाली असेल तर पाळीच्या आधीचे दिवस टाळा, तेव्हा थोडी सूज असते.

समजा, सहावीतल्या मुलीचं खालचं माप 26 इंच, म्हणजे 66 सेंमी आलं आणि वरचं साडेअठ्ठावीस इंच. खालच्या मापात चार मिळवायची जुनी रीत धरली तर साइज 30 येतो. वरचं माप तिसापेक्षा कमीच आहे, म्हणजे अजून कप लागत नाही. तिच्यासाठी 30 ची बिगिनर ब्रा. मात्र ही रीत सगळ्या कंपन्या पाळत नाहीत. एकाची 30 दुसऱ्याच्या 32 इतकी असू शकते, म्हणून पाकिटावरच्या तक्त्यात आपले सेंटिमीटर शोधावेत आणि घालून पाहू देणाऱ्या दुकानातच जावं.

घालून पाहताना मुलीला दोन्ही हात वर करायला सांगा. खालची पट्टी वर सरकली तर ब्रा सैल आहे. पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. जात नसतील, काढल्यावर लाल खोल वळ राहत असेल, किंवा काखेजवळ मांस बाहेर येत असेल, तर लहान आहे. खांद्याचे पट्टे रुतत असतील तर आधी ते सैल करून पाहा. सारा भार पट्ट्यांवर येतोय असं वाटलं, तर खालची पट्टीच सैल आहे. हूकची ब्रा नवी असताना सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक ताणलं की आतले हूक कामी येतात. दोन बाजू कमी-जास्त असतील तर मोठ्या बाजूचा कप धरा.

‘वाढतं अंग आहे, एक साइज मोठी घेऊ’ हा फ्रॉकचा हिशेब इथे चालत नाही. सैल पट्टी दिवसभर वर सरकते आणि मुलगी वर्गात ती ओढत बसते. एकदम सहा घेण्याऐवजी तीन घ्या आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजा. शाळेच्या पांढऱ्या शर्टाखाली पांढरी ब्रा उठून दिसते, त्वचेच्या रंगाच्या जवळची दिसत नाही.

ब्रा घातल्याने वाढ थांबत नाही, न घातल्याने छाती ओघळत नाही. घरी आणि झोपताना ती काढून ठेवायची मुलीची इच्छा असेल तर ठेवू द्या. आठव्या वर्षाआधीच वाढ दिसली, तेरा पूर्ण झाल्यावरही सुरुवात नसेल, किंवा लाली, गरमपणा, स्राव दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.