साडेपाच टक्क्याचं कार लोन मला जवळपास बारा टक्क्याला पडलं

बरेच दिवस लिहायचं टाळत होतो, कारण यात माझाच गाढवपणा जास्त दिसतो. पण मागच्या महिन्यात मेहुणा गाडी बघायला लागला आणि शोरूमवाल्याने त्याला तेच सांगितलं जे मला 2022 च्या दसऱ्याला सांगितलं होतं, अगदी शब्दाला शब्द. म्हणून लिहितोय. शोरूमचं आणि फायनान्स कंपनीचं नाव घेत नाही, असे पुष्कळ आहेत.

गाडी ऑन रोड 9 लाख 60 हजारला बसत होती. सात लाख लोन, बाकीचे 2 लाख 60 हजार माझे, असा हिशोब घरी बसून केला होता. माझं पगाराचं खातं एका सरकारी बँकेत आहे, तिथे चौकशी केली तर 9 टक्के, सणाची ऑफर म्हणून प्रोसेसिंग फी शून्य, पाच वर्षांसाठी हप्ता 14,531. फ्लोटिंग रेट, मधेच बंद केलं तर चार्ज नाही. आता मागे वळून बघितलं तर यापेक्षा सरळ ऑफर मला कुठे मिळणार होती. पण बँकेतला माणूस म्हणाला कागद द्या, आठ-दहा दिवस लागतील, आणि दसरा होता 5 ऑक्टोबरला, हातात दिवस होते बारा. आणि मी आधीच 11 हजार भरून गाडी बुक करून बसलो होतो. इथेच पहिली चूक झाली. बुकिंग झालं की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, मुहूर्ताचे कैदी होता.

शोरूममधला फायनान्सचा पोरगा गोड बोलणारा. म्हणाला, "सर बँक नऊ टक्के घेते, आपण साडेपाचला करून देतो, दोन दिवसात अप्रूव्हल, वर आमच्याकडून लोन केलं तर 15 हजार डिस्काउंट." मी विचारलं हप्ता किती, तो म्हणाला 14,875. माझ्या डोक्यात एवढं पण नाही आलं की व्याज साडेतीन टक्क्यांनी कमी आहे तर हप्ता बँकेपेक्षा जास्त कसा. विचारलं असतं तर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. मी फक्त 344 रुपयांचा फरक बघितला आणि 15 हजाराचा डिस्काउंट बघितला.

साडेपाच टक्के म्हणजे फ्लॅट रेट होता. म्हणजे सात लाखावर वर्षाला साडेपाच टक्के, गुणिले पाच वर्षं, झाले 1 लाख 92 हजार 500, ते मुद्दलात मिळवायचे आणि 60 ने भागायचं. यात गोम अशी की तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, चौथ्या वर्षी तुमच्याकडे त्यांचे जेमतेम दोन-तीन लाख उरलेले असतात, तरी व्याज पूर्ण सात लाखावरच लावलेलं असतं. बँक जे नऊ टक्के म्हणते ते उरलेल्या रकमेवर, म्हणजे रिड्युसिंग. पाच वर्षाच्या लोनला साडेपाच फ्लॅट म्हणजे बरोब्बर दहा टक्के रिड्युसिंग होतं. आणि गंमत म्हणजे अॅग्रीमेंटच्या आतल्या पानावर 10 टक्केच लिहिलेलं होतं, खोटं कुठेच नव्हतं, ते साडेपाच फक्त तोंडी. मी सह्या केल्या कशा, तर शोरूममध्येच उभ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, तो पोरगा पेन्सिलच्या फुलीवर बोट ठेवायचा आणि मी सही करायचो, वीस-पंचवीस तरी असतील.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "सर 2,89,260 चा बॅलन्स आहे, उद्या डिलिव्हरीआधी क्लियर करा." मी म्हणलं 2,60,000 ना? तर म्हणे लोन सात लाखच सँक्शन आहे पण आमच्या खात्यात 6,70,740 आलेत. 7,000 प्रोसेसिंग फी, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,260, आणि 21,000 कसल्या तरी लोन प्रोटेक्शन पॉलिसीचा प्रीमियम, म्हणजे मी मेलो तर लोन फिटेल अशी. त्या पॉलिसीबद्दल मला कोणी एक शब्द बोललं नव्हतं, पण त्या फुल्यांमधली एक सही तिची होती. बायकोने पेढे आणि हार आणून ठेवलेले, आई गावाहून आलेली. मी धाकट्या भावाकडून तीस हजार घेतले आणि भरले. तेव्हा ती पॉलिसी पंधरा दिवसात परत करता येत होती, फ्री लूक म्हणतात त्याला, आता तो तीस दिवसांचा आहे, पण मला तो शब्दच माहीत नव्हता.

आता खरा रेट किती पडला ते कसं काढायचं बघा. कंपनी काय टक्के म्हणते ते सोडून द्या, तीनच आकडे घ्या: शोरूमच्या खात्यात प्रत्यक्ष किती आले, हप्ता किती, हप्ते किती. मोबाईलवर गुगल शीट उघडून एका घरात हे टाका:

```
=RATE(60,-14875,670740)*12
```

उत्तर येतं 0.1187 च्या आसपास, म्हणजे 11.87 टक्के. हप्त्याच्या आकड्याआधी वजा चिन्ह विसरू नका, नाहीतर एरर येतो. पहिला हप्ता लोन देतानाच तुमच्याकडून वेगळा भरून घेत असतील तर रेट अजून वर जातो, तेव्हा कंसात शेवटी `,0,1` जोडायचं.

कोणी म्हणेल 15 हजार डिस्काउंट मिळालाच की. बरोबर आहे, तो पण हिशोबात धरू. तो लोन घेतलं म्हणूनच मिळाला, म्हणजे तो पण लोनबरोबर हातात आलेला पैसाच. 6,70,740 मध्ये 15 हजार मिळवून 6,85,740 टाका, तरी 10.9 टक्के येतात. बँकेचे सरळ 9 होते. पाच वर्षांचं एकूण धरलं तर बँकेला मी 8,71,860 दिले असते आणि यांना हप्ते आणि कापलेले पैसे मिळून 9,21,760. पंधरा हजार वाचवायला पन्नास हजार जास्तीचे.

तरी सगळ्यात जास्त झोंबलं ते लोन बंद करताना. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 24 हप्ते पूर्ण झाले, हातात एक एफडी मॅच्युअर होऊन आलेली, म्हणलं बंद करून टाकू. मी आपला फ्लॅटच्या हिशोबाने धरून चाललो होतो की 60 पैकी 24 हप्ते गेले म्हणजे सात लाखातले 2 लाख 80 हजार फिटले, उरले 4 लाख 20 हजार. फोरक्लोजर लेटरवर आकडा होता जवळपास 4 लाख 61 हजार. विकताना फ्लॅट बोलायचं आणि बंद करताना रिड्युसिंग लावायचं, कारण रिड्युसिंगमध्ये सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं. मी दोन वर्षांत भरलेल्या 3 लाख 57 हजारातले 1 लाख 18 हजार व्याजात गेले होते. वर प्रीपेमेंट चार्ज 5 टक्के, 23,050, आणि त्यावर जीएसटी 4,149. कस्टमर केअरला भांडलो की रिझर्व्ह बँकेने हे चार्ज बंद केलेत ना, तर ते नियम फ्लोटिंग रेटच्या लोनला आहेत, माझं फिक्स्ड होतं. कार लोन बऱ्याच ठिकाणी फिक्स्डच असतं, म्हणून हे आधीच विचारायचं. तरी मी बंद केलं, कारण पुढच्या तीन वर्षांचं व्याज साधारण साडेचौऱ्याहत्तर हजार राहिलं होतं आणि दंड 27 हजार, म्हणजे दंड भरूनसुद्धा 47 हजार वाचत होते. चार्ज लावला म्हणून रागाने लोन चालू ठेवणं पण चूकच, आकडेमोड करून बघायची. (एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत गाडीवरचा बोजा उतरवायला विसरू नका, माझा मित्र विसरला आणि गाडी विकताना लटकला.)

आता मेहुण्याचं. त्याच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे, 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या लोनला केएफएस द्यावंच लागतं, 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे लोनचा रेट आणि सगळे चार्ज लिहिलेला कागद, आणि ते तुम्हाला समजेल त्या भाषेत मागता येतं. त्यात एपीआर म्हणून वर्षाच्या खऱ्या रेटचा एक आकडा असतो, त्यात फी, लोनबरोबर गळ्यात मारलेल्या इन्शुरन्सचे पैसे सगळं धरलेलं असतं. आणि त्यात जो चार्ज लिहिलेला नाही तो नंतर तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. मी त्याला सांगितलं शोरूमवाल्याला एकच विचार, एपीआर किती. पोरगा म्हणाला, "सर ते सिस्टीमला नंतर जनरेट होतं, आधी टोकन भरा." मेहुणा उठून आला, शहाणा निघाला.

पण त्याला दुसरा चटका बसत होता, मुदतीचा. त्याला बजेटप्रमाणे सात लाखाचं लोन पाच वर्षांसाठी हवं होतं, हप्ता 14,531. सेल्सवाला म्हणे, "तेवढ्याच हप्त्यात टॉप मॉडेल देतो." आणि खरंच, 9 टक्क्यानेच नऊ लाख सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता 14,480 येतो, उलट 51 रुपये कमी. सनरूफ आणि मोठा स्क्रीन फुकटात आल्यासारखं वाटतं. पण व्याज 1 लाख 72 हजाराच्या जागी 3 लाख 16 हजार. आणि चार वर्षांनी गाडी विकायची वेळ आली तर पाच वर्षांच्या लोनमध्ये 1 लाख 66 हजार देणं उरतं, सात वर्षांच्यात 4 लाख 55 हजार. मी हे दोन आकडे कागदावर लिहून त्याच्या पुढ्यात सरकवले. तो बराच वेळ कागद बघत बसला, मग म्हणाला, "दाजी, सनरूफ राहू द्या, तसं पण भोसरीच्या धुळीत उघडणार कोण."

परवा तो त्याच्या बँकेतून सँक्शन लेटर घेऊन आलाय, गाडी अजून बुक केलेली नाही. आता त्या लेटरची झेरॉक्स घेऊन दोन शोरूमला जाणार आहे, बघू कोण किती डिस्काउंट देतं ते, लोनचं नाव न काढता.