सिंकची जाळी गळते आणि बिल ट्रॅपचं लागतं

सिंकखालच्या कपाटात पाणी दिसलं की प्लंबर आधी बॉटल ट्रॅपकडे, म्हणजे पाइपातल्या बाटलीसारख्या भागाकडे, बोट दाखवतो, आणि आपल्यालाही ते पटतं, कारण थेंब खरंच ट्रॅपच्या बुडाशी लोंबकळत असतो. पण पाणी जिथे गळतं तिथून टपकत नाही. ते जाळीच्या कडेतून झिरपतं, जाळी आणि खालचा पाइप जोडणाऱ्या कपलिंगच्या बाहेरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाशी, म्हणजे ट्रॅपच्या तळाशी, थेंब धरतं. फसवणूक करणाऱ्याचं अर्धं काम इथेच होतं.

डोंबिवलीतल्या एका फ्लॅटमधला प्रकार अगदी ठरलेल्या वळणाने गेला. स्टीलचं सिंक, चार इंची जाळीचं कपलिंग, जुनं. कपाटाचा प्लाय फुगायला लागला म्हणून जिन्यात चिकटवलेल्या स्टिकरवरच्या नंबरला फोन केला. आलेल्या माणसाने नळ पूर्ण सोडला, ट्रॅपखालचा थेंब दाखवला, "काकू, ट्रॅपला तडा गेलाय" म्हणाला आणि नवा ट्रॅप बसवून ८५० रुपये घेतले. जुना ट्रॅप पिशवीत घालून तोच घेऊन गेला. चार दिवसांत कपाट पुन्हा ओलं. दुसऱ्या फेरीत त्याने कपलिंगभोवती खालून एम-सील थापलं, ४०० रुपये. तेही सुटलं. तिसऱ्या वेळी त्याने सिंकच्या तळाशी एक काळी रेघ दाखवली आणि सांगितलं की सिंकच सडलंय, ओटा थोडा कापून नवीन बसवावं लागेल, साडेसात हजार. ती काळी रेघ म्हणजे कुजलेल्या रबराचा डाग होता, नखाने खरवडला तर निघाला असता.

सिंक खरोखर गेलंय का, हे पाहायला कारागीर लागत नाही. स्वयंपाकघरातला दिवा बंद करून अंधार करा, डोकं कपाटात घाला आणि दुसऱ्या कोणाला वरून जाळीच्या आजूबाजूला टॉर्च मारायला सांगा. पत्र्यातून उजेडाचा ठिपका दिसला तर भोक आहे. ॲसिड किंवा ब्लीच वारंवार ओतलेल्या सिंकला अशी बारीक भोकं पडतातही, तेव्हा हा संशय अगदीच खोटा नसतो. उजेड दिसला नाही आणि डाग पुसला गेला, तर सिंक बदलायचा विषय तिथेच संपला.

गळती नेमकी कुठे आहे हे ठरवायची चाचणी वीस मिनिटांची आहे, आणि ती पैसे देण्याआधी, कारागिरासमोर करायची. खालचा सगळा भाग फडक्याने कोरडा करा. जाळीची टोपली दाबून भोक बंद करा (ती पाणी धरत नसेल तर वर रबरी चकती ठेवा). सिंकमध्ये तीन-चार इंच पाणी भरा आणि त्यात चिमूटभर हळद टाका. नळ बंद. आता कपलिंगच्या वरच्या कडेला, जिथे ते सिंकच्या पत्र्याला खालून टेकतं, तिथे पांढरा टिश्यू गोल फिरवा. पाणी अजून ट्रॅपमध्ये गेलेलंच नाही. तरी टिश्यू पिवळा झाला तर दोष फ्लॅंजच्या, म्हणजे जाळीच्या वरच्या स्टीलच्या कड्याच्या, सीलमध्ये आहे आणि ट्रॅप बदलून काहीही होणार नाही. टिश्यू कोरडा राहिला आणि पाणी सोडल्यावरच ओल आली, तर मात्र खालचे नट आणि ट्रॅप तपासा. दोन्ही वेळा कोरडा, पण भांडी घासताना कपाट ओलं होत असेल, तर पाणी सिंक आणि ओटा यांच्या फटीतून येतंय.

एम-सील का टिकत नाही, तेही समजून घ्या. ओल्या, तेलकट स्टीलला ते नीट धरत नाही आणि पाण्याची वाट तर वरच्या बाजूने, फ्लॅंज आणि पत्रा यांच्यामधून असते. खालून थापलं की पाणी आत अडकून दुसरीकडून वाट काढतं. वर त्रास असा, की पुढच्या माणसाला ते खरवडून काढल्याशिवाय कपलिंग उघडता येत नाही.

खरं काम जाळी उघडूनच होतं. आपल्याकडच्या बहुतेक कपलिंगमध्ये जाळीच्या मध्यभागी एकच मोठा स्क्रू असतो. तो वरचा स्टीलचा फ्लॅंज आणि खालची प्लास्टिकची वाटी एकमेकांकडे ओढतो आणि सिंकचा पत्रा मधे दाबला जातो. खालची वाटी हाताने धरून वरून स्क्रू सोडवा. पत्रा आणि वाटी यांच्यामध्ये जाड रबरी गॅस्केट असतं. त्यात नख रुतत नसेल, कडा चपट्या झाल्या असतील किंवा एका बाजूलाच पिचलं असेल, तर गुन्हेगार सापडला. जुनं गॅस्केट दुकानात घेऊन जा आणि मापाला माप लावून आणा. वाटीचे आटे झिजले असतील किंवा स्क्रू गंजला असेल तर पूर्ण कपलिंगच घ्या, ते ट्रॅपपेक्षा फार महाग नसतं.

बसवताना सगळ्यात जास्त महत्त्व सफाईला. पत्र्याच्या दोन्ही बाजूंचा जुना थर खरवडा, स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या. वरच्या फ्लॅंजखाली प्लंबर पुट्टी वापरायची तर करंगळीएवढी जाड वळी हातावर वळून फ्लॅंजच्या खालच्या कडेला गोल लावा. स्क्रू आवळला की जादा पुट्टी चहूबाजूंनी सारखी बाहेर यायला हवी. ती पुसून टाका आणि लगेच पाणी वापरा. इथे आणखी एक फसवणूक होते: प्लंबर पुट्टी साध्या दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून काही जण भिंतीची पुट्टी किंवा पांढरं सिमेंट कालवून भरतात. ते कडक होतं, पत्रा थोडा हलला की तडकतं आणि महिन्याभरात गळती परत. खरी पुट्टी मऊ, तेलकट असते आणि हाताला चिकटून येते. पण ती ग्रॅनाइट, संगमरवर किंवा प्लास्टिकच्या सिंकवर नको, तेलाचे डाग पडतात आणि काही प्लास्टिक तडकतं. तिथे सिलिकॉन लावा आणि २४ तास पाणी सोडू नका.

फ्लॅंजबरोबर वरचं रबरी गॅस्केट आलं असेल तर त्यावर पुट्टी वा सिलिकॉन थापू नका. रबर निसटतं आणि आवळताना बाहेर येतं. खालचं गॅस्केट सगळीकडून सारखं किंचित फुगेपर्यंतच स्क्रू आवळा, जास्त जोर लावला तर वाटीला चीर जाते. शेवटी वेस्ट पाइप पाहा. तो ताणलेला असेल तर वाटी एका बाजूला ओढली जाते आणि नवं गॅस्केटही तिथूनच पिचतं, म्हणून पाइप थोडा सैल राहील असा जोडा.

मग पुन्हा तीच हळदीची चाचणी, पण आता तास-दोन तास पाणी भरून ठेवून. टिश्यू पांढरा राहिला तरच पैसे द्या, आणि काढलेला जुना भाग स्वतःकडे मागून घ्या. तो द्यायला कारागीर कां-कूं करत असेल, तर त्याने बदललेला भाग खरंच खराब होता का हे विचारायची वेळ तीच.