मोबाईल गिंबल, आठ महिन्यांनंतर: बटण चालतंय म्हणजे जोडणी झाली असं नाही

दिवाळीत घेतलेला गिंबल, म्हणजे व्हिडिओ हलू नये म्हणून फोन धरणारी मोटारींची दांडी, आता आठ महिन्यांचा झाला. बेळगावात माझं छोटं दुकान आहे. शूटिंग हा जोडधंदाही नाही, हौस म्हणा. पण गल्लीत एकाकडे गिंबल आला की हळदी, बारसं, मैदान सगळीकडून बोलावणं येतं, त्यामुळे वापर भरपूर झाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते मोबाईलच्या बहुतेक गिंबलना लागू पडतं.

पहिला फटका खानापूर तालुक्यात बसला, मेव्हण्याच्या हळदीला. गाव जांबोटीकडचं, आजूबाजूला झाडी, फोनला रेंज असून नसल्यासारखी. आदल्या रात्री घरी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन गिंबल जोडला होता. नाव आलं, खाली 'कनेक्टेड' आलं, फोनचा नेहमीचा कॅमेरा उघडून गिंबलचं लाल बटण दाबलं तर रेकॉर्डिंग सुरू. मी निर्धास्त. दुसऱ्या दिवशी मांडवात गिंबल एका स्टुलावर उभा करून ठेवायचा आणि मेव्हणा जिकडे वळेल तिकडे त्याने आपोआप वळायचं, असा माझा बेत होता. म्हणजे मलाही हळद लावायला जाता आलं असतं.

मांडवात गिंबलचं अॅप उघडलं तर स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात 'डिव्हाइस जोडलेलं नाही'. परत ब्लूटूथ सेटिंग बघितली, तिथे 'कनेक्टेड'. लाल बटण दाबलं, रेकॉर्डिंग होतंय. जॉयस्टिक ढकलली, फोन वळतोय. सगळं चालतंय आणि अॅप म्हणतंय जोडलेलंच नाही. पाठीमागून वहिनींचा आवाज, "अहो भावोजी, मशीन फिरालंय की नुसतं धरूनच बसलाय?" शेवटी पूर्ण हळद हातात धरूनच काढली.

घरी येऊन शांतपणे एकेक गोष्ट वेगळी करून बघितली, तेव्हा कळलं की मी ज्याला एक जोडणी समजत होतो त्या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट अशी की थरथर थांबवण्यासाठी गिंबलला फोनची गरजच नसते. फोनचं ब्लूटूथ पूर्ण बंद करा, गिंबल चालू करा आणि चाला. फोन तरीही स्थिरच राहतो. हात कुठे कलला ते मोजणारे सेन्सर गिंबलच्या आतच असतात, त्यावरून तीन मोटारी उलट्या दिशेला जोर लावतात. फोन त्या बिचाऱ्यांसाठी फक्त एक वजन आहे. जॉयस्टिकही थेट मोटारींशीच बोलते. म्हणून मांडवात फोन वळताना बघून मी जो निष्कर्ष काढला तो मुळातच चुकीचा होता.

दुसरी गोष्ट लाल बटण. सेटिंगमधून ब्लूटूथ जोडलं की फोन गिंबलला एक छोटा कीबोर्ड समजतो. सेल्फी स्टिकचं बटण जसं चालतं तसंच हे. बटण दाबलं की फोनला वाटतं आवाज वाढवायचं बटण दाबलंय, आणि कॅमेरा उघडा असेल तर तो त्याचा अर्थ 'रेकॉर्ड कर' असा घेतो. यात संदेश एकाच दिशेने जातो, गिंबलकडून फोनकडे. 'जरा डावीकडे वळ' असं फोनने गिंबलला सांगायची यात सोयच नाही.

हे कीबोर्डचं प्रकरण खरं आहे याचा पुरावा मला वेगळ्याच ठिकाणी मिळाला. गिंबल जोडलेला असताना व्हॉट्सअॅपवर उत्तर द्यायला गेलो तर स्क्रीनवर अक्षरंच येईनात. फोनला वाटत होतं, बाहेरचा कीबोर्ड आहे की, मग स्क्रीनवरचा कशाला? अँड्रॉइडमध्ये फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये Show on-screen keyboard चालू केलं की हे सुटतं. आणि बटण दाबल्यावर रेकॉर्डिंगऐवजी झूम होत असेल किंवा नुसता आवाज वाढत असेल, तर गिंबलला दोष देऊ नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या बटणाने काय करायचं ते ठरवता येतं, तिथे फोटो किंवा व्हिडिओ निवडा.

तिसरी गोष्ट अॅपची जोडणी, आणि खरी मेख इथेच आहे. माणसाच्या मागे मागे वळण्यासाठी कुणीतरी चित्र बघून 'चेहरा मधून उजवीकडे सरकला' हे ओळखायला हवं. ते काम माझ्या गिंबलमध्ये फोनवरचं अॅप करतं. मग 'उजवीकडे इतक्या वेगाने वळ' हा हुकूम गिंबलला पोचवायला हवा, आणि तोही सेकंदाला अनेकदा. त्यासाठी अॅप कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवरून स्वतःची दोन्ही बाजूंनी बोलणारी वाट उघडतं. त्याच वाटेने गिंबल आपली बॅटरी किती उरली, कुठल्या मोडमध्ये आहे हे कळवतो. कॅलिब्रेशन आणि फर्मवेअर अपडेटही त्याच वाटेने होतात. व्हिडिओ मात्र या वाटेने जात नाही, तो फोनमध्येच राहतो. ब्लूटूथवरून जातात फक्त छोटे हुकूम.

मग प्रश्न येतो की फोनचा नेहमीचा कॅमेरा उघडा ठेवून मागे अॅप चालू ठेवलं तर? मी करून बघितलं. नाही चालत, आणि कारण सरळ आहे. फोनचा कॅमेरा आपलं चित्र दुसऱ्या अॅपला उसनं देत नाही. शिवाय अँड्रॉइड 9 पासून, म्हणजे 2018 पासून, मागे गेलेल्या अॅपला कॅमेरा वापरताच येत नाही. म्हणजे नेहमीचा कॅमेरा पुढे असेल तर गिंबलचं अॅप आंधळं. पाठलाग हवा असेल तर शूटिंग अॅपच्याच कॅमेऱ्यातून करावं लागतं. आयफोनवाल्यांना थोडी सवलत आहे. iOS 17 मध्ये अॅपलने डॉककिट आणलं, त्याला जुळणारा गिंबल असेल तर नेहमीच्या कॅमेऱ्यातही पाठलाग होतो. काही नव्या गिंबलवर स्वतःचा छोटा कॅमेरा असलेला तुकडा चिकटतो, त्याला अॅप लागत नाही. माझ्याकडे दोन्ही नाही.

आता माझ्या हळदीत नेमकं काय अडलं होतं ते. गिंबल मोकळा असताना 'मी इथे आहे' असं ब्लूटूथवरून ओरडत असतो. अॅप ते ऐकून त्याला शोधतं. मी आदल्या रात्री सेटिंगमधून जोडून टाकल्यावर माझा गिंबल ओरडायचा थांबला, त्यामुळे अॅपला तो सापडेना. त्यात भर म्हणजे अॅप पुन्हा टाकताना फोनने विचारलेल्या Nearby devices च्या परवानगीला मी घाईत नको म्हटलं होतं. अँड्रॉइड 12 पासून आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ही परवानगी लागते. त्याआधीच्या फोनना लोकेशनची परवानगी लागायची आणि लोकेशन चालूही ठेवावं लागायचं, म्हणून जुन्या फोनवर गिंबलचं अॅप लोकेशन का मागतंय असा प्रश्न लोकांना पडतो.

तेव्हापासून क्रम उलटा केलाय. सेटिंगमध्ये जाऊन गिंबलचं नाव Forget करतो. फोन क्लॅम्पमध्ये बसवून, मधोमध तोलून, मगच गिंबल चालू करतो. मग अॅप उघडून अॅपमधूनच जोडतो. अॅप जोडून झाल्यावर फोन स्वतःच पेअर करू का विचारतो, तेव्हा हो म्हणतो, म्हणजे लाल बटणही नेहमीच्या कॅमेऱ्याला मिळतं. तुमच्या गिंबलचा क्रम कदाचित वेगळा असेल, पण सेटिंगमध्ये दिसतोय आणि अॅपमध्ये नाही अशी तक्रार असेल तर आधी हेच करून बघा.

जोडणी झाली की नाही हे ओळखायची माझी खूण एकच आहे, अॅपमध्ये गिंबलच्या बॅटरीचा आकडा दिसतोय का. लाल बटण, वळणारा फोन, सेटिंगमधलं 'कनेक्टेड', यातलं काहीही अॅपची जोडणी सिद्ध करत नाही. बॅटरीचा आकडा मात्र त्या दुहेरी वाटेशिवाय येऊच शकत नाही. आणखी एक, नवा गिंबल असेल तर पहिली अॅक्टिव्हेशन इंटरनेट असलेल्या जागी उरकून घ्या. माझी बेळगावातच झाली होती म्हणून वाचलो. जांबोटीला जाऊन करायची ठरवली असती तर हळद राहिली बाजूला, आंब्याच्या झाडावर चढून रेंज शोधत बसलो असतो.

वापराचं म्हणाल तर पाठलागावर माझा विश्वास अर्धाच बसलाय. एकटा माणूस भाषण करतोय, नवरी चालत येतेय, तिथे छान. उन्हाळ्यात जवळच्या एका गावात कुस्तीच्या मैदानावर नेला. अॅप ज्याच्या मागे वळतं त्याच्याभोवती स्क्रीनवर चौकोन दाखवतं, तो सलामीपर्यंत पैलवानावर बरोबर बसला होता. दोघं भिडले, एकमेकांत गुंतले, आणि चौकोन उठून पंचावर गेला. पंच बाजूला सरकेल तसा गिंबल त्याच्या मागे, आणि इकडे चितपट झाली ती चौकटीच्या बाहेर. लोक ओरडतायत आणि माझ्या व्हिडिओत पंचाची पाठ. तेव्हापासून कुस्ती जॉयस्टिकनेच काढतो.

रात्रीचं तर अॅप वापरतच नाही. शिवजयंतीला बेळगावात चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. सजीव देखाव्यावर झगझगीत दिवे आणि बाजूला अंधार. अॅपच्या कॅमेऱ्यात मावळ्यांचे चेहरे पांढरे पडले आणि अंधारात दाणे दाणे आले. माझ्या फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात कंपनीने उजेडाची जी जुळवाजुळव करून ठेवलीय ती अॅपला मिळत नाही. म्हणून रात्री नेहमीचा कॅमेरा आणि लाल बटण एवढंच, पाठलागाला सुट्टी. तेवढ्यासाठी अॅपची जोडणी लागतही नाही.

बॅटरी, मोटारी याबद्दल तक्रार नाही. मैदानातली तांबडी माती सांध्यात जाते, ती ब्रशने झाडावी लागते, इतकंच.

गेल्या आठवड्यात पुन्हा 'जोडलेलं नाही'. परवानगी बघितली, Forget केलं, फोन बंद करून चालू केला, गिंबलही. अर्धा तास गेला. मग वरून पुतण्या ओरडला, "काका, माझ्या फोनवर तुमची बॅटरी दाखवालंय, बेचाळीस टक्के!" त्याने आदल्या दिवशी रील काढायला गिंबल नेला होता आणि अॅप उघडंच ठेवलं होतं. मी गिंबल चालू केला की तो आधी त्याच्याच फोनला जाऊन चिकटत होता.