फिकट काळ्या सुती कपड्यांना घरी दिलेला रंग : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

हा अनुभव लिहिण्याचे कारण म्हणजे मावशींच्या सोफ्याचे पांढरे अभ्रे. गणपतीत दर्शनाला जाताना वाटेत भुरभुर पाऊस लागला आणि मी ओलसर कुर्त्यातच त्यांच्याकडे टेकले. उठले तेव्हा अभ्र्यावर पाठीचा निळसर-जांभळा छाप उमटलेला होता. "अगं, हा कुर्ता तू नवा घेतलास ना?" असे त्यांनी विचारले आणि घरी रंगवल्याचे मला कबूल करावे लागले.

ऑगस्टमध्ये मी तीन कपडे एकत्र रंगवले होते : सुती कुर्ता, सलवार आणि एक टी-शर्ट. दुकानात मिळणारी काळ्या रंगाची पुडी आणून, पातेल्यात पाणी उकळून, मीठ घालून पाऊण तास कपडे ढवळले. हा डायरेक्ट प्रकारचा रंग असतो, म्हणजे तो सुताला नुसता धरून राहतो, त्याच्याशी रासायनिक बंध करत नाही. त्यातच माझी काटकसर आड आली. पुडी एका कपड्यापुरती होती आणि मी ती तिघांत वाटली, शिवाय रंग पक्का करणारे फिक्सर घेतलेच नाही. पहिल्या दिवशी कुर्ता दृष्ट लागावी असा दिसत होता, पण पाचव्या धुण्यापर्यंत तो जवळजवळ पूर्वीच्याच राखाडीवर आला. त्या वेळी हे काम घरी करण्याजोगे नाही असे माझे ठाम मत झाले होते. ते आता बदलले आहे, पण पूर्णपणे नाही.

दिवाळीनंतर रविवार पेठेतल्या रंग-रसायनांच्या एका दुकानात गेले आणि रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा, गार पाण्यात चालणारा काळा रंग घेतला. हा रंग सोड्याच्या अल्कलीत सुताशी पक्का जोडला जातो. दुकानदार म्हणाले, "ताई, काळ्याला इतर रंगांच्या दुप्पट लागतो, कमी टाकलात तर काळा नाही, निळा होईल." त्यांचे म्हणणे खरे आहे, कारण यातले बरेच काळे रंग मुळात गडद निळ्याकडे झुकणारे असतात आणि पुरेशी मात्रा गेली तरच डोळ्यांना काळे दिसतात.

तिन्ही कपड्यांचे कोरडे वजन 650 ग्रॅम भरले. त्यासाठी 50 ग्रॅम रंग, 13 लिटर पाणी, एक किलो मीठ आणि 200 ग्रॅम सोडा अ‍ॅश घेतली. मीठ मुद्दाम पिशवीतले शुद्ध केलेले वापरले, कारण खडेमिठात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते सोड्याशी मिळून पांढरा साका धरतात. आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते, त्यात असे क्षार आधीच भरपूर असल्यामुळे मी नळाला खडकवासल्याचे पाणी आले त्या दिवशीच बादली भरून ठेवली. खाण्याचा सोडा येथे चालत नाही, आणि धुण्याचा सोडा खडे स्वरूपात असेल तर त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते, म्हणून तो अडीच पटींहून थोडा जास्त घ्यावा लागतो.

आदल्या दिवशी कपडे गरम पाण्यात साबण आणि चिमूटभर सोडा घालून धुतले, कारण काखेतला तेलकटपणा, स्टार्च किंवा कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा थर राहिला तर तेवढ्या जागी रंग चढत नाही. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावून ती थोड्या कोमट पाण्यात कालवली, मग मीठ विरघळवलेल्या पाण्यात घालून ओले कपडे अर्धा तास सतत हलवले. त्यानंतर कपडे बाहेर काढून वेगळा विरघळवलेला सोडा बादलीत मिसळला, कपडे परत घातले आणि दीड तास अधूनमधून उलथेपालथे केले. सोडा थेट कपड्यांवर ओतला तर तेथे डाग पडतात. बादली प्लॅस्टिकची पुरते. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले मात्र सोड्याने खराब होते.

येथपर्यंत सगळे सोपे आहे. माझी खरी तक्रार त्यानंतरच्या पाण्याबद्दल आहे. सोडा घातल्यावर रंगाचा काही भाग सुताशी न जुळता पाण्याशीच जुळतो, आणि तो भाग पुढे कधीही पक्का होत नाही. तो नुसता धाग्यात अडकून बसतो आणि नंतर मावशींच्या अभ्र्यावर उतरतो. तो काढण्यासाठी आधी मीठ-सोडा जाईपर्यंत गार पाणी, मग साबण टाकलेले जवळजवळ उकळते पाणी, आणि तेही पुन्हा पुन्हा. मी मोजले : गार पाण्याच्या चार बादल्या आणि गरम पाण्याच्या सहा. टँकरचे पैसे भरणाऱ्या माणसाला हे जिवावर येते. पाचव्या गरम पाण्याला रंग चहाच्या पाण्याइतका उतरला, तेव्हा थांबावेसे वाटले, पण कुर्त्यावर ओला पांढरा रुमाल ठेवून इस्त्री दाबली तर त्यावर राखाडी शेवाळ्यासारखा डाग आला. सहाव्यानंतर रुमाल स्वच्छ निघाला. ही रुमालाची चाचणी मला पाण्याच्या रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

रंगाचा खर्च मात्र तीनशे रुपयांच्या आत बसला. कुर्ता आणि सलवार आज पाच महिन्यांनी, वीसेक धुण्यांनंतरही काळीच आहेत. गळ्याच्या पट्टीवर रेयॉनच्या पांढऱ्या धाग्याची नक्षी होती. रेयॉनही सुतासारखेच रंग घेत असल्यामुळे ती पूर्ण बुडाली. याचे मला अजून वाईट वाटते. ब्लीचच्या एका थेंबाची जागा रंगली, पण भोवतालच्या मूळ रंगाचा आधार तेथे नसल्याने उन्हात थोडी तपकिरी दिसते.

टी-शर्ट मात्र फसला, आणि येथेच मला सर्वांत उपयोगी गोष्ट कळली. त्यावर रंग व्यवस्थित चढला होता, तरी वाळल्यावर तो पुन्हा भुरकट दिसू लागला. भिंगातून पाहिले तर वारंवार घासून सुताचे बारीक तंतू पृष्ठभागावर उभे राहिले होते आणि उजेड त्यांच्यावर विखुरत होता. म्हणजे त्याचा रंग गेलाच नव्हता, कापड झिजले होते. त्यामुळे आता मी कोणताही कपडा रंगवण्याआधी आतली शिवण उलटून तिच्या झाकलेल्या काठाचे आणि बाहेरच्या कापडाचे भाग एकत्र ओले करून पाहते. ओले असताना दोन्ही सारखेच काळे दिसले, तर फिकेपणा तंतूंचा आहे आणि रंग घालणे वाया जाणार. बाहेरचा भाग ओला असतानाही तपकिरी किंवा राखाडी राहिला, तर रंग खरोखर गेला आहे आणि तो परत आणता येतो. शिवणीचा धागा मात्र सहसा पॉलिएस्टरचा असतो आणि तो या रंगाला दाद देत नाही. काळ्या कपड्यात तो मूळचाच काळा असतो, म्हणून येथे अडचण आली नाही.

गेल्या आठवड्यात नवऱ्याची काळी सुती पँट रंगवायला काढली होती. गुडघ्यापाशी ती बरीच पांढुरकी दिसत होती, पण खिशाआडच्या शिवणीसोबत ओली करून पाहिली तर दोन्हीकडे एकच काळा दिसला. दहा बादल्या पाणी वाचले आणि पँट परत कपाटात गेली.