आठ महिने जुन्या पेपरांच्या संगतीत: पॅराबोला, एलिप्स, हायपरबोला

जूनच्या पहिल्या पावसात पणजीहून येताना मुलीसाठी जुन्या प्रवेश परीक्षांच्या गणितांचा एक जाडजूड संग्रह आणला. प्रकरणवार लावलेला, 2002 पासूनचे पेपर, मागे उत्तरं. आता फेब्रुवारी आहे. पुस्तकाची पाठ सुटली आहे, कॉनिक्सची पानं तेवढी तेलकट आणि दुमडलेली. त्या एका प्रकरणाबद्दलच लिहिते, कारण बाकीची माझ्या हाताखालून गेलेली नाहीत. मी स्वतः बी.एस्सी. गणित केलं त्याला वीस वर्षं झाली. साखळीला आमच्या घरी रात्री जेवणानंतर तासभर आम्ही दोघी बसतो, एवढाच माझा अधिकार.

पहिला महिना फुकट गेला, हे आधीच सांगते. मुलगी पहिल्या गणितापासून ओळीने सोडवत सुटली. चुकलं की मागे उत्तर बघायचं, सूत्र लाल शाईत लिहायचं, पुढे जायचं. वहीत एलिप्सला b² = a²(1 − e²), हायपरबोलाला b² = a²(e² − 1), लेटस रेक्टम, डायरेक्ट्रिक्स, सगळं चौकटीत. जुलैच्या शेवटी वही मिटून विचारलं, तर 1 आधी की e² आधी इथेच गाडी अडायची.

वळण आलं ते एका गणितामुळे. 2003 च्या एआयईईईमधला, म्हणजे जेईई मेनच्या आधीच्या परीक्षेतला, प्रश्न असा: एलिप्स x²/16 + y²/b² = 1 आणि हायपरबोला x²/144 − y²/81 = 1/25 यांचे फोकस एकच आहेत, तर b² किती? मुलीने कागदभर मांडलं आणि b² = −209 काढलं. मागे उत्तर 7.

तिने केलं काय, तर उजवीकडचा 1/25 पाहिलाच नाही. 144 आणि 81 हेच a² आणि b² धरले. 144 + 81 = 225, म्हणजे फोकस केंद्रापासून 15 वर. मग एलिप्समध्ये 16 − b² = 225. गंमत म्हणजे पुस्तकातही पुढच्या पानावरच्या दुसऱ्या एका आवृत्तीत 1/25 च्या जागी नुसता 1 छापला होता, म्हणजे छापणाऱ्याचीही तीच चूक. पण ही चूक पकडायला उत्तराची यादी लागत नाही. एलिप्स x च्या अक्षावर 4 पर्यंतच पोचतो आणि फोकस त्याच्या पोटात असतो. 15 वर फोकस असणारच नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "बाय, कोपराच्या बाहेर खांदा असतो काय?" ती हसली आणि प्रश्नाकडे परत गेली.

बरोबर रीत अशी. मानक समीकरणात उजवीकडे 1 हवा, म्हणून सगळ्याला 25 ने गुणायचं. मग a² = 144/25, b² = 81/25, बेरीज 225/25 = 9, फोकस 3 वर. एलिप्समध्ये 16 − b² = 9, म्हणून 7. तीन ओळी.

या गणितात e एकदाही लागला नाही, हे मला त्या रात्री दिसलं. तिच्या अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही फोकसचं अंतर c आधी येतं: एलिप्सला c² = a² − b², हायपरबोलाला c² = a² + b². e नंतर, c/a म्हणून. पाठांतराच्या वहीत मात्र e आधी आणि c = ae नंतर झालं होतं. उलटं केलं की लक्षात ठेवायला एकच गोष्ट उरते. एलिप्सचा फोकस आत, म्हणून c लहान आणि वजाबाकी. हायपरबोलाचा फोकस शिरोबिंदूच्या पलीकडे, म्हणून c मोठा आणि बेरीज. 1 आधी की e² आधी हा घोळ तिथेच संपला.

त्यानंतर आम्ही पुस्तक वेगळं वापरायला लागलो. वहीच्या डाव्या पानावर प्रश्न आणि वर्ष, उजवं पान कोरं. सोडवण्याआधी तिने एका ओळीत सांगायचं, की हा प्रश्न कोणता गुणधर्म मागतो. मग त्याच गुणधर्माचे आणखी प्रश्न पुस्तकात शोधायचे. प्रकरणवार मांडणीचा खरा फायदा हा. 2022 च्या जेईई मेनमध्ये तेच 2003 चं गणित उलटं करून आलेलं सापडलं: एलिप्स x²/16 + y²/7 = 1, हायपरबोला x²/144 − y²/α = 1/25, फोकस एकच, तर हायपरबोलाचा लेटस रेक्टम किती? आकडे तेच, सात दिलेला, 81 लपवलेला. यावेळी तिने आधी 25 ने गुणलं. c² = 9, म्हणून 144 + α = 225, α = 81. मग 2b²/a म्हणजे 2 × 81/25 भागिले 12/5, उत्तर 27/10.

2007 ची आयआयटीची आणि त्याच वर्षीची एआयईईईची अशी दोन गणितं तर शेजारी ठेवूनच बघावीत. एकात हायपरबोलाचा ट्रान्सव्हर्स अक्ष 2 sin θ आहे आणि तो 3x² + 4y² = 12 या एलिप्सशी समनाभीय आहे, म्हणजे दोघांचे फोकस एकच. दुसऱ्यात x²/cos²α − y²/sin²α = 1 दिलाय आणि α बदलला तरी काय बदलत नाही असं विचारलंय. पहिल्याचा एलिप्स 12 ने भागला की x²/4 + y²/3 = 1, c² = 1. हायपरबोलाचा a² = sin²θ, म्हणून b² = cos²θ. दुसऱ्यात cos² आणि sin² ची बेरीज नेहमी 1, म्हणून फोकस कायम (±1, 0). म्हणजे ही दोन गणितं एकाच चित्राचे दोन फोटो. हे तिने स्वतः ओळखलं तेव्हा मला जरा अभिमान वाटला, खोटं का बोलू.

मग चवथ आली. माटोळी, नेवऱ्या, पाहुणे. पुस्तक नऊ दिवस उघडलं नाही. दहाव्या दिवशी कोरा कागद दिला. c ची दोन्ही नाती पक्की, लेटस रेक्टम गेला. 2b²/a की 2a²/b? ते पाठ करण्यापेक्षा काढावं, असं ठरलं. फोकसमधून उभी रेघ मारायची, समीकरणात x च्या जागी c घालायचा. c²/a² + y²/b² = 1, म्हणून y² = b²(a² − c²)/a², आणि a² − c² म्हणजेच b², म्हणून y = b²/a. दुप्पट केलं की झालं. तेव्हापासून ती हे सूत्र विसरते आणि अर्ध्या मिनिटात परत काढते, मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता तक्रारी. पहिली पुस्तकाची: छपाईच्या चुका. या एका प्रकरणात आम्हाला चार सापडल्या, त्यातल्या दोन उत्तरांच्या यादीत. दुसरी पद्धतीची, आणि ती मोठी आहे. गणित ओळखीचं वाटलं की डोळे वाचायचं सोडतात. डिसेंबरमध्ये आमच्याकडे हे झालं: हायपरबोला x²/25 + y²/16 = 1 या एलिप्सच्या फोकसमधून जातो, अक्ष तेच, दोघांच्या e चा गुणाकार 1, तर हायपरबोला कोणता? 2006 च्या आयआयटीत या बेतावर प्रश्न होता आणि 2021 च्या जेईई मेनमध्ये तो परत आला. मुलगी म्हणाली, "आई, हे तर आधीचंच!" आणि फोकस एकच धरून c = 3 लावून मोकळी झाली. e = 5/3, म्हणून a = 9/5, b² = 144/25. पर्यायात असं काही नव्हतंच.

प्रश्नात फोकस जुळतात असं कुठे म्हटलंय? हायपरबोला एलिप्सच्या फोकसमधून जातो. अक्षावरच्या (3, 0) मधून जातो, म्हणजे ते त्याचं शिरोबिंदू आणि a = 3. e = 5/3 म्हणून c = 5, b² = 25 − 9 = 16, उत्तर x²/9 − y²/16 = 1. "फोकस जुळतात" आणि "फोकसमधून जातो" या दोन शब्दप्रयोगांखाली तिने आता वहीत हिरव्या पेनने रेघ मारली आहे.

उभ्या एलिप्सचं दुखणंही इथेच मोडतं. y² खालचा आकडा मोठा असला की a² तो. जुन्या पेपरांत बहुतेक एलिप्स आडवे भेटले, म्हणून x²/9 + y²/25 = 1 दिसला की हात सवयीने 9 ला a² म्हणतो आणि c² = −16 येतं. ऋण आलं तर तिथेच कळतं, पण वेळ गेलेला असतो.

पॅराबोलाला c ची युक्ती नाही, त्याला केंद्रच नाही. तिथे पुस्तकाचा उपयोग वेगळा झाला. y² = 8x ची y = x + 2 ही स्पर्शिका आहे, या रेषेवरच्या कोणत्या बिंदूतून दुसरी स्पर्शिका तिला लंब असेल, हा 2007 चा एआयईईईचा प्रश्न. y² = 4x ला लंब स्पर्शिका जिथून निघतात त्या बिंदूंचा मार्ग, हा 2010 चा. दोन्हींचं उत्तर डायरेक्ट्रिक्सवर आहे: पहिल्यात x = −2 आणि रेषेवर म्हणून (−2, 0), दुसऱ्यात x = −1. पण कॉनिक्सच्या स्पर्शिका तिच्या एनसीईआरटीच्या त्या प्रकरणात नाहीत, म्हणून हे गुणधर्म पुस्तकातल्या प्रश्नांवरून आम्हालाच मागे जाऊन सिद्ध करावे लागले. नुसत्या पाठ्यपुस्तकावर अवलंबून असलेल्या मुलाने हे प्रश्न बघून घाबरून जाऊ नये.

आणखी एक. प्रकरणवार पुस्तकात वर "हायपरबोला" लिहिलेलं असतं, पेपरात नसतं. जानेवारीत मी प्रश्न कापून, वर्षं खोडून, मिसळून दिले, तेव्हा दहातल्या तीनांत तिने आकारच चुकीचा ओळखला. 9x² − 16y² = 144 ला घाईत एलिप्स म्हणाली होती. हे काम पुस्तक करत नाही, कात्री करते.

शेजारच्या अकरावीतल्या मुलाने पुस्तक मागितलंय. देणार आहे, पण कॉनिक्सच्या पानांवरची पेन्सिलीची उत्तरं आधी खोडते. 1/25 चा छापलेला चुकीचा 1 मात्र तसाच ठेवणार आहे, बघू त्याला −209 येतो का.