अलर्ट गप्प, ग्राहक वैतागलेले

‘सीपीयू ८०% च्या वर गेला की मेसेज’ हा अलर्ट लावायला पाच मिनिटं पुरतात. डिस्क भरत आल्याचं कळायलाही असा मर्यादा ओलांडली की वाजणारा अलर्ट उत्तमच. पण आमचं पेमेंट रखडलं तेव्हा सीपीयू ३०% वर निवांत होता. थ्रेड डेटाबेस कनेक्शनची वाट बघत होते, आणि वाट बघायला सीपीयू लागतो कुठे? शंभरात दोनच रिक्वेस्ट अडकत असल्याने सरासरी वेळही जेमतेम वाढली होती.

अडकलेल्या एका रिक्वेस्टचा ट्रेस, म्हणजे तिचा कुठे किती वेळ गेला याची नोंद, उघडला, तर ६ सेकंदांतले ५.८ कनेक्शन मिळण्यातच गेलेले. तेच `trace_id` लॉगमध्ये शोधल्यावर कळलं, की एक जडशीळ रिपोर्ट बरीचशी कनेक्शनं अडवून बसला होता.

ट्रेसिंग मात्र महाग पडतं. खर्च वाचवायला सरसकट १% ट्रेस ठेवले, तर हवा तोच निसटतो. म्हणून रिक्वेस्ट संपल्यावर निवड करून संथ आणि फसलेल्या रिक्वेस्टचे तेवढे ट्रेस ठेवावेत.